मदत हवी आहे: प्रति लाभार्थी खर्च नक्की कसा काढायचा?

आमची छोटी संस्था गावांत शाळेनंतरचे वाचनवर्ग चालवते. देणगीदारांना प्रस्तावात प्रति लाभार्थी खर्च हवा आहे. ताईंचं मानधन, पुस्तकं आणि प्रवास मिळून वर्षाचे 7,20,000 रुपये होतात. हजेरीपटावर 400 नावं आहेत, म्हणजे मुलामागे 1,800. आकडा छान दिसतो, पण मला तो खरा वाटत नाही.

समन्वयकाचा निम्मा पगार आणि ऑफिसखर्चाचा वाटा धरला तर 2,40,000 वाढतात. शिवाय पट तपासला तर बरीच मुलं जूनमध्ये नाव घालून दिवाळीनंतर येतच नाहीत. तीन-चतुर्थांश दिवस हजर असलेली मुलं 240 भरली. 9,60,000 भागिले 240, म्हणजे 4,000 रुपये!

माझा विचार दोन्ही आकडे व्याख्येसह द्यायचा आहे: नोंदणीमागे 2,400, नियमित मुलामागे 4,000. पण एकदिवसीय शिबिरं घेणारी संस्था शेजारी 150 रुपये लिहिते, तेव्हा आम्ही महाग ठरतो.

समन्वयक दोन प्रकल्प बघतात. पगाराची विभागणी तुम्ही दिवसांच्या नोंदीवरून करता की बजेटच्या प्रमाणात? आणि ग्रामपंचायतीने फुकट दिलेल्या खोलीचं भाडं धरता का? कृपया अनुभव सांगा, शुक्रवारी प्रस्ताव पाठवायचा आहे.