मदत हवी आहे: रिफ्रेशनंतर मजकूर राहतो, जोडलेली फाइल मात्र जाते

नमस्कार. आमच्या अंतर्गत चॅटमध्ये पान रिफ्रेश केल्यावर जुन्या संभाषणातील मजकूर जसाच्या तसा दिसतो, परंतु त्याला जोडलेल्या चित्रांच्या जागी रिकामी चौकट उरते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये पाहिले असता बिघडलेल्या चित्रांचे दोन प्रकार आढळले.

पहिल्या प्रकारात चित्राचा पत्ता `blob:` ने सुरू होतो आणि कन्सोलमध्ये `ERR_FILE_NOT_FOUND` दिसते. असा पत्ता उघडलेल्या पानापुरताच जिवंत असतो. त्यामुळे संदेश सर्व्हरवर साठवला गेला, पण फाइल अपलोड न होता ब्राउझरच्या मेमरीतच राहिली, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या प्रकारात पत्ता साधा `https:` असून सर्व्हर `403` देतो, आणि हे सेशन संपल्यावरच घडते. पुन्हा लॉगिन करून संभाषण नव्याने उघडले की चित्र परत येते, म्हणजे तेथे फाइल शाबूत असून फक्त मुदतीच्या दुव्याची वेळ संपलेली असावी.



माझा प्रश्न पहिल्या प्रकाराविषयी आहे. अपलोड पूर्ण होऊन सर्व्हरकडून फाइलचा क्रमांक मिळेपर्यंत संदेश पाठवणेच रोखावे, की तोवर फाइल इंडेक्स्डडीबीमध्ये ठेवून रिफ्रेशनंतर अपलोड पुन्हा सुरू करावा? मोठ्या फाइलींसाठी दुसरा मार्ग मला सोयीचा वाटतो, मात्र जागा कमी पडल्यास ब्राउझर ती साठवणही रिकामी करू शकतो. प्रत्यक्षात कोणी काय वापरले आहे?