तदिगिनतोम् म्हणताना हाताचा ताल चुकतो, मदत हवी आहे

चेन्नईत मृदंगम शिकतेय, सध्या नुसतं तोंडाने सोल्कट्टू, म्हणजे मृदंगमचे बोल म्हणणं, चालू आहे. आदि ताल, ८ ठोके, प्रत्येकात ४ मात्रा म्हणजे ३२, त्यात तदिगिनतोम् ६ वेळा म्हणजे ३० आणि शेवटी तक. पाचवा 'त' बरोबर सहाव्या ठोक्यावर, म्हणजे टाळीनंतर हात उलटा करतो तिथे यायला हवा, पण माझा पाचव्या ठोक्याच्या टाळीवरच येतो, कारण 'तोम्'ची मात्रा मी खाऊन टाकते आणि पाचाचे चारच होतात. लय कमी केली तरी हात बोलांच्या मागे जातो, प्रत्येक 'त'वर टाळी पडते. पूर्वी तबला शिकलेय म्हणून असं होतंय का? आधी हात पक्का करू की बोल? कोणी यातून गेलंय का, प्लीज सांगा.