‘गेले असावेत’ला ‘शुड हॅव’ का चालत नाही?

पारिजात: माझ्या भाचीच्या इंग्रजीच्या सरावपुस्तिकेत एक प्रसंग आहे. घरातले दिवे मालवलेले आहेत, दाराला बाहेरून कुलूप आहे आणि घरच्या मंडळींविषयी अंदाज करून रिकामी जागा भरायची आहे. तिने मनात ‘ते बाहेर गेले असावेत’ असे वाक्य जुळवले आणि ‘दे शुड हॅव गॉन आउट’ असे लिहिले. उत्तरसूचीत मात्र ‘मस्ट हॅव’ आहे. ‘जावे’ म्हणजे ‘शुड’ असे आपण शाळेत शिकलो, मग ‘असावेत’ने काय पाप केले?

तळटीप: यावर सोपी खूण आहे. कर्त्याला ‘ने’ लागला तर कर्तव्य आणि न लागला तर अंदाज समजावा. ‘त्यांनी जावे’ हे कर्तव्य झाले आणि ‘ते गेले असावेत’ हा अंदाज झाला.

ओसरी: ही खूण अर्धीच कामाची आहे, कारण ‘तिने पत्र लिहिले असावे’ या वाक्यात ‘ने’ आहे आणि तरीही तो निव्वळ अंदाज आहे. तिथला ‘ने’ सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळामुळे आला आहे, त्याचा कर्तव्याशी संबंध नाही. त्याऐवजी वाक्याला ‘पण तसे झाले नाही’ असे शेपूट जोडून पाहावे. ‘त्यांनी जायला हवे होते, पण ते गेले नाहीत’ हे सहज जुळते आणि तिथे ‘शुड हॅव’ बसते. ‘ते गेले असावेत, पण गेले नाहीत’ असे मात्र कोणी म्हणणार नाही, कारण समोरचा पुरावा पाहून केलेले अनुमान त्याच दमात खोडता येत नाही. भाचीचे वाक्य इंग्रजी म्हणून अशुद्ध नव्हते, पण त्याचा पहिला अर्थ ‘त्यांनी बाहेर जायला हवे होते’ असा होतो आणि कुलूप लागलेल्या घराविषयी तो विसंगत ठरतो.

सायंतारा: मला याच घोळाचा उलटा अनुभव आला आहे. एका ग्राहकाला बैठकीची वेळ बदलल्याचे कळवायचे राहिले, तेव्हा दिलगिरी म्हणून मी ‘आय मस्ट हॅव इन्फॉर्म्ड यू’ असे लिहिले. ‘कळवायलाच हवे होते’ यातला ‘च’ मला ‘मस्ट’मध्ये दिसला होता. त्यांनी त्याचा अर्थ ‘मी तुम्हाला नक्की कळवले असणार’ असा घेतला, म्हणजे माझी क्षमायाचना त्यांना उलट आरोपासारखी वाटली. इथे ‘हॅड टू’ लिहायला हवे होते का?

ओसरी: नाही. ‘हॅड टू’ म्हणजे ‘कळवावे लागले’, आणि त्यातून तुम्ही कळवले असाच समज झाला असता. तुम्हाला ‘शुड हॅव’ हवे होते. वर्तमानकाळात ‘मस्ट’ सक्तीही सांगते आणि अनुमानही, पण ‘मस्ट हॅव’मध्ये साधारणपणे अनुमानच उरते.

तळटीप: मग ‘पाऊस पडला नसणार’ याचे ‘मस्टन्ट हॅव’ होईल ना?

ओसरी: अशा सरावात ‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव’ अपेक्षित असते. सकाळी रस्ता ओला दिसला तर ‘रात्री पाऊस पडला असणार’, म्हणजे ‘मस्ट हॅव’. पण अंगण कोरडे ठणठणीत आहे आणि बाहेर वाळत घातलेले कपडेही सुके आहेत असे लक्षात आले, की ‘पाऊस पडलेला असणे शक्य नाही’, म्हणजे ‘कान्ट हॅव’. मग पाण्याचा टँकर गळत गेला असेल, हे ‘कुड हॅव’ किंवा ‘माइट हॅव’ झाले. अमेरिकन बोलण्यात ‘मस्ट नॉट हॅव’ अनुमानासाठी सर्रास येते, त्यामुळे ते चूक म्हणू नये. ब्रिटिश वळणाच्या उत्तरसूचीत मात्र ते सहसा सापडणार नाही.

पारिजात: ‘कुड हॅव’ तर ‘तू पडला असतास’ या अर्थानेही येते, नाही का?

ओसरी: येते, आणि तिथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘तो पडला असेल’ म्हणताना आपल्याला खरे काय घडले ते ठाऊक नसते, तर ‘तो पडला असता’ म्हणताना तो पडला नाही हे ठाऊक असते. इंग्रजी दोन्हींना ‘कुड हॅव फॉलन’ म्हणू शकते, म्हणून आजूबाजूची वाक्ये वाचल्याशिवाय ती जागा भरू नये.

सायंतारा: मला तरीही ‘असावा’ हे ‘मस्ट हॅव’इतके ठाम वाटत नाही. आमच्या घरी ‘गेला असणार’ म्हणजे खात्री आणि ‘गेला असावा’ म्हणजे ‘बहुधा’.

ओसरी: ही शंका रास्त आहे. मी ‘असणार’ला ‘मस्ट हॅव’ देतो आणि ‘असावा’ला पुरावा पाहून ‘मस्ट’ किंवा ‘माइट’ देतो. कुलूप आणि अंधार दोन्ही असल्याने इथे ‘मस्ट’ योग्य वाटते.

तळटीप: पण ‘नऊची गाडी एव्हाना पोहोचली असायला हवी’ याला इंग्रजीत ‘शुड हॅव अराइव्ह्ड’च म्हणतात, आणि तोही अंदाजच आहे! म्हणजे भाचीला पूर्ण चूक देणे मला अजूनही पटत नाही.

पारिजात: गाडीचे वेळापत्रक असते, तसे ते लोक रोज ठरल्या वेळी बाहेर पडतात असे पुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही. तरी मी तो प्रसंग पुन्हा वाचून पाहते.