शिक्षकांचे समूह: ओळखी की नुसते फॉरवर्ड?

खडूची भुकटी: अकरा शिक्षक समूहांत आहे, प्रशिक्षणंही भरपूर झाली. एक अडचण विचारली की उत्तराऐवजी सुविचार येतो. शाळेबाहेरच्या ओळखी वगैरे थोतांड आहे. आपला वर्ग नीट शिकवा, पुरे.

चौथी-अ: थोतांड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. हजार माणसांचा समूह म्हणजे आठवडी बाजार, तिथे माणूस हेरायचा असतो, काम करायचं नसतं. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी आपलीच इयत्ता शिकवणाऱ्या पाच-सहा जणांचे नंबर घ्या आणि एकच प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ हातच्याची वजाबाकी. सगळ्यांनी त्याच आठवड्यात ४०२ − १७८ हेच गणित द्यायचं. उत्तर २२४. चुकलेली उत्तरं जशीच्या तशी लिहून पाठवायची, बाकी काही नको.

३७६ आलं तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: ८ − २, ७ − ०, ४ − १. त्याला हातचा समजलेलाच नाही. २३४ आलं तर हातचा समजलाय, पण शतकातून दशकात १० आणल्यावर त्यातला एक एककाला दिला, तरी दशकात ९ करायचे राहिले. पहिल्याला दशकाचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतात, दुसऱ्याला फक्त मधली पायरी लिहायला लावली तरी चालतं. दोघांनाही 'पुन्हा सोडव' म्हणणं व्यर्थ.

पाढेवाला: एवढ्यासाठी सहा शाळा? वही तपासली की हे दिसतंच. रोज दहा गणितं घ्या, आपोआप सुटतं.

चौथी-अ: ज्याची रीत बरोबर आहे आणि हात बसलेला नाही, त्याचं सुटतं. ३७६ वाल्याला रोज दहा दिलीत तर चुकीची रीतच पक्की होईल. आणि दोनशिक्षकी शाळेत चौथीत सात मुलं असतात. त्यांत २३४ एकदाच दिसतं, आपण धांदरटपणा म्हणून सोडून देतो. सहा शाळांतून तेच चार वेळा आलं की ती चूक ओळखू येते.

पाढेवाला: बरं, सात मुलांचं मान्य. चाळीसच्या वर्गाला हे लागू नाही, एवढं तरी तुम्ही मान्य करा.

रानवारा: आमच्याकडे असंच सुरू झालं होतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी केंद्रप्रमुखांना समूहात घेतलं. चुकलेली उत्तरं बंद, वर्गसजावटीचे फोटो सुरू. साहेबांसमोर 'माझ्या वर्गात निम्म्यांना येत नाही' कोण लिहिणार?

निवृत्त केंद्रप्रमुख: अधिकारी म्हणजे हेर का? केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला कोण घेतं? दहा-बारा शाळांतले शिक्षक एका छताखाली आम्हीच आणतो. तिथे चहापर्यंत मागच्या बाकावर बसायचं आणि नंतर समूहात रडगाणं गायचं!

रानवारा: परिषदेत अर्धा वेळ पत्रकं वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जातो. मागचा बाक उगाच भरत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख: तक्ते वरून येतात, आम्ही छापत नाही. वर्गाचा प्रश्न शिक्षकानं आधी कळवला तर त्याला पाऊण तास देता येतो. कळवतं कोण?

खडूची भुकटी: विषय माझा होता, भांडण तुमचं चाललंय. असो. ऑनलाइन प्रशिक्षणात तर शेजारी कोण बसलंय तेच कळत नाही. व्हिडिओ, प्रश्नमंजुषा, प्रमाणपत्र. नंबर काय भिंतीकडून घ्यायचा?

चौथी-अ: तिथे ओळख होत नाही, हे खरं. म्हणून मोठ्या समूहात 'वजाबाकी कशी शिकवता?' असं विचारू नका, त्याला सुविचारच येणार. '४०२ − १७८ ला माझ्या सातपैकी तिघांचं ३७६ आलंय, चौथीवाल्यांपैकी कुणाकडे असंच आहे?' असं टाका. दोन-तीन उत्तरं आली तरी पुष्कळ, त्यांना वेगळं लिहा. साहेबांबद्दल रानवाऱ्याचं बरोबर आहे: छोट्या समूहात वरिष्ठ नकोत. पण जमलेला तक्ता, शाळांची नावं काढून, परिषदेत मांडायला काय हरकत?

निवृत्त केंद्रप्रमुख: म्हणजे चहापाणी आमचं, विश्वास तुमचा आपापसांत. बरं.

सावित्रीची शाळा: वह्यांचे फोटो पाठवत असाल तर वरचं मुलाचं नाव आधी झाका. एकदा फॉरवर्ड झालेली वही परत येत नाही. आणि तक्ता ड्राइव्हवर ठेवला तर लिंक उघडायची परवानगी द्या. नाहीतर सहाही जण अडकतात आणि 'मग बघू' म्हणून समूह तिथेच मरतो.

खडूची भुकटी: वजाबाकी आजच दिली. एकाचं २७४ आलंय, तुमच्या यादीत हे नाही.

चौथी-अ: शून्य ओलांडून थेट शतकातून एककाला दहा दिले असतील आणि दशकात ० − ७ ला ७ लिहिले असतील. पण नुसत्या उत्तरावरून खात्री नाही. मुलाला मोठ्यानं बोलत सोडवायला सांगा.

पाढेवाला: किंवा पाहून लिहिलं असेल. शेजारच्याचं काय आलंय?

खडूची भुकटी: शेजारच्याचंही २७४च.