अनुभव धागा : आहार-व्यायामानंतर गोळी कमी झाली का, आणि ती कोणी, कशी कमी केली?

धागाकर्ती : वजन उतरल्यावर, चालणे-जेवण नियमित झाल्यावर ज्यांची मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी कमी झाली, बंद झाली, किंवा बंद करून पुन्हा सुरू करावी लागली, त्यांनी कृपया येथे लिहावे. केवळ ‘मी गोळ्या सोडल्या’ एवढे नको. कोणती गोळी आधी गेली, डॉक्टरांनी काय पाहून ठरवले आणि नंतर काय मोजत राहिलात, तेही सांगावे.

घाटवाट : वय 53, मधुमेह चार वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ एकेक संयुक्त गोळी होती, तिच्यात ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन 500. पाच महिन्यांत वजन 84 वरून 75 किलोवर आले. रात्रीचे जेवण सातला आणि भात फक्त रविवारी, एवढाच बदल होता, पण तो मी मोडला नाही. गोळ्या मात्र तशाच चालू राहिल्या, आणि चूक तिथेच झाली. एके दिवशी सकाळी साडेअकराला बँकेच्या रांगेत मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि समोरच्या फलकावरचा टोकन क्रमांक वाचता येईना. शेजारच्या बाईंनी पर्समधून दोन लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या. त्या चघळून घरी आल्यावरही ग्लुकोमीटरवर साखर 64 होती.

डॉक्टरांनी सर्वांत आधी माझी संयुक्त गोळी मोडून दोन वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. मला ते मागे जाणे वाटले, कारण एका गोळीच्या दोन झाल्या होत्या. त्यांनी समजावले की दोन औषधे एका गोळीत बांधलेली असली की एक कमी करून दुसरे ठेवता येत नाही, आणि माझी गोळी हळूहळू विरघळणारी असल्याने ती अर्धी तोडूनही चालणार नव्हती. मग संध्याकाळचे ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद झाले आणि सकाळचे दोन आठवड्यांनी. त्या काळात सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी, अशी आठवड्यातून चार दिवस साखर वहीत लिहायची होती. मेटफॉर्मिनला त्यांनी तीन महिने हातच लावला नाही. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए1सी 5.9 आल्यावर मेटफॉर्मिन निम्मे केले, आणि पुढच्या तपासणीत 6.0 आल्यावर बंद केले.

परतीची अटही बंद करण्याआधीच ठरली होती. उपाशीपोटीची साखर सलग तीन दिवस 130 च्या वर गेली, किंवा एचबीए1सी 6.5 ला पोचले, तर वाट न पाहता फोन करायचा.

निवृत्त मास्तर : माझ्या मते या डॉक्टरांनी क्रम उलटा लावला. मेटफॉर्मिनने मूत्रपिंड खराब होते हे सर्वश्रुत आहे, त्यामुळे साखर ताब्यात येताच मी पहिल्यांदा तेच सोडले आणि ग्लिमेपिराइड चालू ठेवले. मला काहीही झालेले नाही.

ओपीडीतून : मास्तर, आपण म्हणता त्यात अर्धे तथ्य आहे. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर मेटफॉर्मिनची मात्रा आम्ही कमी करतो, आणि मूत्रपिंड किती गाळते ते सांगणारा ईजीएफआर 30 च्या खाली गेला तर ते बंदच करतो. मात्र त्याचे कारण असे की ते शरीराबाहेर पडण्याचा मार्ग मूत्रपिंडातून जातो. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवते म्हणून नव्हे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवला असा वा नसा. जेवण कमी झालेल्या माणसाला खाली पाडणारे औषध तेच, म्हणून मी ते आधी काढतो. कोणी इन्शुलिन घेत असेल तर त्याची मात्राही सुरुवातीलाच कमी करावी लागते. नुसते मेटफॉर्मिन साखर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही, त्यामुळे ते शेवटी गेले तरी बिघडत नाही. आपल्याला आजवर काही झाले नाही हे चांगलेच आहे, पण एकादशीला काळजी घ्यावी.

याच संदर्भात एक वेगळी गोष्ट. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी घेऊन कोणी दीर्घ उपास किंवा जवळजवळ पिष्टविरहित आहार सुरू केला, तर साखर 160-170 असतानाही रक्तात आम्ल साचू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि धाप लागली, तर मीटरवरचा आकडा बरा दिसतो म्हणून घरी थांबू नये. आहार बदलायचे ठरले की डॉक्टरांना आधीच सांगावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

शेवगा : माझा अनुभव रक्तदाबाचा आणि थोडा फजितीचा आहे. अम्लोडिपिन 5 चालू होते. आठ किलो वजन उतरले, लोणचे-पापड सुटले आणि दाब 118/76 च्या आसपास राहू लागला. मी मनानेच गोळी बंद केली. चौथ्या दिवशी मोजला तर 122/78, म्हणून घरात पेढे वाटले. तीन आठवड्यांनी डोके जड वाटले तेव्हा तो 158/96 होता. डॉक्टरांनी सांगितले की हे औषध अंगातून फार सावकाश उतरते, त्यामुळे चौथ्या दिवशीचा आकडा बराचसा गोळीचाच होता. आता 2.5 वर आहे. दर बदलानंतर तीन-चार आठवडे थांबायचे, आणि भेटीआधीचा आठवडाभर सकाळी दोनदा व संध्याकाळी दोनदा, पाच मिनिटे शांत बसून मोजायचे, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची, असा शिरस्ता आहे. सरासरी 135/85 च्या खाली राहिली तरच पुढचा विचार.

ओपीडीतून : शेवगाताई, अम्लोडिपिनच्या बाबतीत तुमचे निभावले. तीच मेटोप्रोलॉलसारखी गोळी असती तर एकदम सोडल्यावर छातीत धडधड, आणि हृदयविकार असलेल्याला छातीत दुखणेही उद्भवू शकले असते. ती आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागते. शिवाय गोळी नेमकी कशासाठी आहे ते विचारावे. लघवीतून प्रथिने जात असल्यामुळे टेल्मिसार्टन दिले असेल, तर दाब उत्तम असला तरी मी ते काढत नाही.

सातासमुद्रापार : मी इंग्लंडमध्ये राहते. निदान होऊन सहा वर्षे न झालेल्या, वजन जास्त असलेल्या मधुमेहींसाठी येथे एनएचएसचा एक कार्यक्रम आहे. त्यात बारा आठवडे जेवणाऐवजी दिवसाला 800 ते 900 कॅलरींची पेये आणि सूप घ्यायचे असते. माझ्या मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद झाल्या. घाटवाट यांच्याकडे महिने लागले आणि माझ्याकडे एक दिवस, मग बरोबर कोण?

ओपीडीतून : दोन्ही. जेवण एका दिवसात निम्म्याहून खाली येत असेल, तर गोळ्याही त्याच दिवशी उतरवाव्या लागतात, नाहीतर माणूस चक्कर येऊन पडेल. बदल सावकाश असेल तर उतरणेही सावकाश.

तुळशीवृंदावन : माझे सात किलो वजन कमी झाले आहे आणि टीएसएच 2.4 आला आहे, तर थायरॉइडची गोळी सोडू का?

ओपीडीतून : ताई, तुमचा 2.4 हा त्या गोळीमुळेच आलेला आहे. वजन उतरल्याने मात्रा थोडी कमी होऊ शकेल, आणि मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा लागेल. पण थकलेली ग्रंथी चालण्याने पुन्हा काम करू लागत नाही.

धागाकर्ती : घाटवाट, आपला अनुभव मेटफॉर्मिन बंद होण्यापाशी थांबला आहे. पुढे काय झाले?

घाटवाट : गोळीविना तीन महिन्यांनी एचबीए1सी 6.3 आले. 6.5 च्या खाली म्हणून डॉक्टरांनी कागदावर ‘रेमिशन’, म्हणजे गोळीविना साखर ताब्यात, असे लिहिले. ‘बरा झाला’ लिहा म्हटले तर हसले. त्यानंतर गुडघा दुखावल्याने चालणे दोन महिने सुटले, तीन किलो परत आले आणि आकडा 6.8 झाला. सध्या रात्री मेटफॉर्मिन 500 घेतो. गुडघा सुधारल्यावर ते पुन्हा काढायचे की या मात्रेवरच राहायचे, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे.