रिचार्ज पिटचं माप: सोसायटी ग्रुप

सेक्रेटरी: पिटचं माप आलंय. २ बाय २, खोली अडीच मीटर, आत दगड भरायचे. म्हणजे १० घनमीटर, गच्चीचं पाणीही साधारण तेवढंच. फायनल करू का?

बी-३०४: काका थांबा जरा. पाण्याचा हिशोब ठीकय, ३०० चौरस मीटर गच्ची, तासाला ४० मिमी पाऊस धरला तर १२ घनमीटर, त्यातलं १५ टक्के इकडेतिकडे जातं, उरलं १०.२. पण दगड भरले की पाण्याला जागा फक्त मधल्या फटीत, साधारण ४० टक्के. म्हणजे पिट घेणार ४ घनमीटर, बाकी ६ हजार लिटर पार्किंगमध्ये 😅

सी-१०१: अरे पण भरता भरता खाली मुरतंच की!

बी-३०४: मुरतं ताई, पण किती ते बघा. रविवारी पिटच्या तळाएवढ्या खोलीवर छोटा खड्डा खणून पाणी भरलं आणि पट्टी लावून बसलो, पहिल्या तासात ९० मिमी उतरलं आणि कॉन्ट्रॅक्टरने लगेच तोच आकडा लिहून घेतला. कोरडी माती सुरुवातीला ढसाढसा पाणी पिते, तो आकडा धरायचा नसतो. पुन्हा पुन्हा भरत राहिलो तर चौथ्या तासापासून ३० वर स्थिरावलं. त्याचंही निम्मं धरायचं, कारण छोट्या खड्ड्यात पाणी बाजूंनीही जातं आणि पुढे तळाशी गाळ बसतोच. म्हणजे १५ मिमी. ४ चौरस मीटर तळातून तासाला ६० लिटर 🙏

सेक्रेटरी: बाप रे. मग खोल करू, ६ मीटर?

बी-३०४: नको ना काका, मग रिकामा कधी होणार? दुसऱ्या पावसाआधी, ४८ तासांत तरी आटायला हवा. ४८ तासांत तळातून ७२० मिमी जातं, ते दगडाच्या फटीत १.८ मीटर उंची व्यापतं. म्हणून खोली १.८, त्याहून जास्त नाही, वाढवायचा तो तळ. दर चौरस मीटरला ०.७२ घनमीटर मावतं, म्हणजे साधारण १४ चौरस मीटर लागेल. कुंपणाच्या कडेने १.२ मीटर रुंद, १२ मीटर लांब चर घेतला की १४.४ होतात, १०.३७ घनमीटर बसतं.

सी-१०१: बाजूच्या भिंतीतून मुरतं ते धरलंच नाहीस तू 🤨

बी-३०४: मुद्दाम नाही धरलं. त्याने चर लवकर आटेल, पण पावसाच्या त्या एका तासात फार फरक पडत नाही, जागा तेवढीच लागते.

ए-२०२: आणि ४० मिमीपेक्षा जास्त पडला तर?

बी-३०४: पडणारच कधीतरी दादा, म्हणून वरून ओव्हरफ्लो पाईप गटारात. आणि आधी गाळ अडवायची टाकी, नाहीतर गच्चीवरची माती थेट फटीत जाऊन बसते. चरात एक उभा छिद्रांचा पाईप ठेवा, पावसानंतर दोन दिवसांनी त्यात काठी घालून बघायचं, तरी ओली निघाली तर समजायचं तळ चोंदलाय.

सेक्रेटरी: ओके, कॉन्ट्रॅक्टरला उद्या परत बोलावतो. आणि कुंपणाच्या कडेच्या कुंड्या ज्यांच्या असतील त्यांनी हलवा प्लीज.