लांब केबल आणि पुल-अप

«तासगावच्या द्राक्षबागेत सहा मीटर केबलवर ईएसपी-३२ ला दोन एसएचटी-३१ सेन्सरपैकी एकही सापडत नाही. टेबलावर दोन्ही एकेक करून चालतात.»

दोन्ही सेन्सर आधी टेबलावर एकत्र जोडावेत. तेथे फक्त `0x44` हा पत्ता दिसला, तर पत्त्यांची टक्कर आहे आणि एकाची `ADDR` पिन ३.३ व्होल्टला जोडल्यास तो `0x45` वर येतो. माझा संशय मात्र केबलवर अधिक आहे. मीटरमागे ६० पिकोफॅरड धारिता धरल्यास एकूण ३६० होतात आणि १० किलोओहमच्या पुल-अप रोधाने व्होल्टेज चढायला सुमारे ३ मायक्रोसेकंद लागतात, तर आय-टू-सीच्या १०० किलोहर्ट्झ वेगाला मर्यादा १ मायक्रोसेकंदाची आहे. २.२ किलोओहमने तो वेळ ०.७ मायक्रोसेकंदापर्यंत उतरतो. ऑसिलोस्कोप (खेडेगावात तो कुठला!) नसल्यास `Wire.setClock(10000)` देऊन पाहावे, तेवढ्याने सेन्सर दिसू लागले, तर दोष पुल-अपचा समजावा.